गोदामाला सुपरवायझर हवा आहे, पण कशासाठी?

मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या भिवंडी परिसरातल्या गावांत गोदामांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आला. तोपर्यंत कर वाचवायला राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवणाऱ्या कंपन्या त्यानंतर मोजक्या मोठ्या गोदामांकडे वळल्या, आणि अशा जागा चालवणाऱ्या माणसांची मागणी वाढली. त्यांच्यासाठीच्या जाहिराती मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात: ‘वेअरहाऊस सुपरवायझर पाहिजे. कोणताही पदवीधर, ५ ते ८ वर्षे अनुभव, मेहनती, उत्तम संवादकौशल्य, कॉम्प्युटरचे ज्ञान, दबावाखाली काम करण्याची तयारी. ठिकाण मुंबई. पगार योग्यतेनुसार.’

या ओळी वाचून कोण अर्ज करतो? जवळजवळ कोणीही. कारखान्यातला स्टोअरकीपर करतो, कुरिअर कंपनीतला टीम लीडर करतो, सिक्युरिटीचा सुपरवायझरही करतो. त्यात कुणाचीच चूक नाही. सुपरवायझर हे पद एका गोदामात गाड्या भरण्या-उतरवण्यापुरते असते, दुसऱ्या ठिकाणी साठ्याच्या हिशेबाचे, तर तिसऱ्या ठिकाणी एकाच माणसाने सांभाळायच्या अख्ख्या पाळीचे. यापैकी आपले कोणते, हे मालकाने लिहिलेच नाही तर उमेदवाराला कळणार कसे?

एक नमुना घेऊ. साबण, शाम्पू, बिस्किटे ठेवणारे ४० हजार चौरस फुटांचे गोदाम आहे. दिवसाला दहा-बारा ट्रक माल उतरवतात आणि वीसेक टेम्पो माल घेऊन दुकानदारांकडे जातात. या गोदामाच्या जाहिरातीचे काम कीबोर्डवर बसून सुरू करू नये. आधी तिथल्या सध्याच्या सुपरवायझरसोबत सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत फिरावे आणि तो काय करतो ते क्रियापदांत टिपावे. ट्रक कोणत्या डॉकवर लावायचा ते ठरवतो. बिल आणि उतरलेली खोकी जुळवून आवक पावती करवतो. आधी संपणारी बॅच आधी बाहेर पडते ना, हे पाहतो. टेम्पो सुटण्यापूर्वी ई-वे बिल तपासतो. फुटलेला माल वेगळा काढून त्याची नोंद करतो. एवढे टिपले की निम्मी जाहिरात तयार झाली.

मग जुन्या मसुद्यातल्या विशेषणांची झडती घ्यावी. ‘उत्तम संवादकौशल्य’ म्हणजे या गोदामात नेमके काय? गेटवर ताटकळलेल्या ड्रायव्हरशी हिंदीत बोलता येणे आणि माल कमी आला तर मुख्य कार्यालयाला चार ओळींचा इंग्रजी ईमेल लिहिता येणे. मग तेच लिहावे. ‘कॉम्प्युटरचे ज्ञान’ म्हणजे एक्सेलमध्ये दोन याद्या ताडून फरक काढता येणे. ‘दबावाखाली काम’ म्हणजे महिनाअखेरच्या आठवड्यात गाड्या वाढतात, तेव्हा उशिरापर्यंत थांबावे लागते आणि एखादा रविवारही जातो. हे स्पष्ट लिहिल्याने काही अर्ज कमी येतील. ते कमीच यायला हवेत, कारण ती माणसे नाहीतरी दोन महिन्यांत निघून गेली असती.

अनुभवाची वर्षे ही सर्वांत फसवी अट आहे. संगणकावर एका शाम्पूची १२० खोकी दिसतात आणि रॅकवर ११४ च आहेत, असे समजा. आठ वर्षे नोकरी केलेला एखादा माणूस ‘सहा शॉर्ट’ असा शेरा मारून पुढे जाईल. तीनच वर्षे झालेला, पण साठ्याच्या मोजणीवर तयार झालेला माणूस आधी शेजारचा रॅक बघेल. मग माल डॉकवर निघालाय, पण नोंदीतून वजा व्हायचा राहिलाय का, ते तपासेल. तेही नसेल तर आवक पावती काढून गाडीतून खरेच १२० खोकी उतरली होती का, हे पाहील. म्हणून जाहिरातीत ‘पाच ते आठ वर्षे’ यापेक्षा ‘रोजची साठामोजणी केलेली असावी आणि फरकाचे कारण शोधता यावे’ हे जास्त उपयोगी. मुलाखतीत हाच १२० आणि ११४ चा प्रश्न विचारता येतो.

ज्या गोष्टी नोकरीवर शिकवता येतात त्या अटींत घालू नयेत. गोदामाचे सॉफ्टवेअर प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि ते काही आठवड्यांत हाताखाली येते. ‘पदवीधर’ ही अट तर बहुतेकदा सवयीने घातलेली असते. बारावी झालेला, टॅली क्लार्क म्हणून सुरुवात करून वर आलेला माणूस या एका शब्दामुळे बाहेर राहतो. ‘फक्त पुरुष’ ही ओळ तर लिहूच नये. समान कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ पासून कायद्याने मनाई आहे.

हाताखाली कोण आहे, हे बहुतेक जाहिराती सांगतच नाहीत आणि महाराष्ट्रात याला विशेष महत्त्व आहे. गाडी भरणारे-उतरवणारे अनेकदा माथाडी कामगार असतात. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार त्यांची नोंदणी मंडळाकडे असते, मजुरीही मंडळामार्फत मिळते आणि टोळीचे काम मुकादमाच्या मार्फत चालते. सुपरवायझर त्यांना कंपनीच्या नोकराप्रमाणे मेमो देऊ शकत नाही. मुकादमाशी बोलूनच काम पुढे न्यावे लागते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या अनुभवी माणसालाही हे नवे असू शकते. म्हणून असे लिहावे: ‘कंपनीचे आठ पिकर आणि दोन टॅली क्लार्क थेट हाताखाली, माथाडी टोळीशी मुकादमामार्फत समन्वय.’

अधिकारांचेही तसेच. ‘साठ्याची संपूर्ण जबाबदारी’ ही ओळ वाचून जाणता उमेदवार सावध होतो. तुटीचे पैसे पगारातून कापणार की काय, अशी शंका त्याला येते, आणि ती अनुभवातून आलेली असते. ‘फरक त्याच दिवशी कळवणे सुपरवायझरचे काम, नोंदीत दुरुस्ती करण्याची मंजुरी व्यवस्थापकाची’ असे लिहिले की शंका मिटते.

उरले ठिकाण आणि पगार. ‘मुंबई’ वाचून विरार आणि पनवेलचे लोक अर्ज करतात. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे आणि तिथे लोकल मोजक्याच. बरेच जण कल्याण किंवा ठाण्याहून बसने नाहीतर शेअर रिक्षाने येतात. गावाचे नाव, जवळचा फाटा, पाळीची वेळ आणि कंपनीची गाडी आहे की नाही, एवढे चार तपशील दिले तर ‘जागा नेमकी कुठे आहे?’ असे विचारणारे फोन बंद होतात. पगार मात्र अनेक मालकांना लपवावासा वाटतो. आकडा दिला तर जुने कर्मचारी कुरकुर करतील, ही त्यांची भीती खोटी नाही. पण आकडा लपवला तर तिसऱ्या फेरीत ‘एवढ्यात परवडत नाही’ हे ऐकावे लागते आणि तोवर दोघांचेही दिवस वाया गेलेले असतात. किमान आणि कमाल अशी मर्यादा द्यावी आणि तो आकडा हातात पडणारा की कपातीआधीचा, हेही सांगावे.

मसुदा तयार झाला की तो मनुष्यबळ विभागातल्या साहेबांना दाखवण्याआधी गोदामातल्या रात्रपाळीच्या सुपरवायझरला वाचायला द्यावा. तो ज्या ओळीवर हसेल, ती खोडावी. आणि ‘हे लिहिलंच नाही’ असे ज्याबद्दल म्हणेल, ते आधी लिहावे.