बोलायचे एक, म्हणायचे दुसरे : दोघांच्या संवादाबद्दलचे पाच गैरसमज

लघुपटात दोनच पात्रांचा प्रसंग लिहिणे सोपे, असे लिहायला बसेपर्यंत वाटते. दोन माणसे, एक खोली आणि मध्ये एक न सुटलेला विषय, एवढेच तर हवे असते. तरीही बहुतेक पहिल्या खर्ड्यांत पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत. ती प्रेक्षकांना निवेदन देतात. याचे खापर प्रतिभेवर फोडण्यात अर्थ नाही. संवादाबद्दलच्या काही समजुती लेखक सोबत घेऊन बसतो आणि त्याच त्याला फसवतात.

गैरसमज १ : लोक जसे बोलतात तसे उतरवून काढले की संवाद नैसर्गिक होतात.

ही समजूत पसरली, कारण तिच्यात निम्मे तथ्य आहे. कान उघडे ठेवा, हा सल्ला योग्यच आहे. पण एसटीतल्या दोन प्रवाशांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून शब्दशः कागदावर उतरवले, तर हाती काय लागते? तेच वाक्य तीनदा, अर्धवट सोडलेले विषय, ख्यालीखुशाली आणि कुठेच न पोहोचणारी दहा मिनिटे. पटकथेच्या रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट असा हिशेब धरतात. दहा मिनिटांच्या लघुपटात एका प्रसंगाला दीड-दोन पानांपेक्षा जास्त जागा मिळत नाही. म्हणून खऱ्या बोलण्यातून मजकूर घ्यायचा नसतो, सवयी घ्यायच्या असतात. विचारलेल्या प्रश्नाला माणसे सरळ उत्तर देत नाहीत. खोलीत दोघेच असताना एकमेकांचे नाव सहसा घेत नाहीत; घेतले तर त्यामागे काहीतरी हवे असते. शिवाय मराठीत क्रियापदच कर्ता सांगते. ‘मी उद्या सकाळी जाणार आहे’ हे वाक्य कागदावर निर्दोष आहे, पण घरातली बाई ‘सकाळी निघते’ एवढेच म्हणते. संवादातले अनावश्यक ‘मी’ आणि ‘तू’ काढून मोठ्याने वाचले, तरी निम्मा ताठरपणा जातो.

गैरसमज २ : पात्र मनातले बोलले नाही, तर प्रेक्षकांना कळणार नाही.

ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे कारणही आहे. लेखकाला सगळे ठाऊक असते, प्रेक्षकाला काहीच नसते. मग लेखक पात्राच्या तोंडी सगळी माहिती घालतो. एक प्रसंग घेऊ. वडिलांच्या वर्षश्राद्धाला बहीण माहेरी आली आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे जमीन एकट्याच्या नावावर करायची तर भावाला बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवे. उद्या तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जायचे आहे. आदल्या रात्री दोघे स्वयंपाकघरात आहेत. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो :

बाळू : ताई, उद्या तू हक्कसोड पत्रावर सही करावीस, अशी माझी इच्छा आहे.
ताई : बाळू, मला फार वाईट वाटतं. तू मला या घरातून परकी करतोयस.
बाळू : तसं नाही गं ताई. माझ्यावर कर्ज आहे.
ताई : मग माझं माहेर कुठे राहिलं?

यात खोटे काहीच नाही, पण प्रेक्षकाला करायला काही उरले नाही. दोघांनी आपली मने उघडून दाखवली आणि प्रसंग संपला. शिवाय वर्षभर टाळलेला विषय कोणती भावंडे इतक्या सरळपणे काढतात? आता तोच प्रसंग असा लिहून पाहावा. बहीण लोणच्याच्या बरणीवर फडके बांधते आहे. भाऊ दारातच उभा आहे.

बाळू : आधार आणलंयस ना?
ताई : विहिरीवरचा आंबा धरला का यंदा?
बाळू : धरलाय. पाठवतो की पेटी. दरवर्षी पाठवतोच.
ताई : बाबा पाठवायचे.
बाळू : पेट्या मीच बांधायचो. पेंढा घालून.
(ताई फडक्याची गाठ सोडते, पुन्हा बांधते.)
ताई : किती वाजता निघायचं?
बाळू : दहाला.
ताई : पर्समध्ये आहे. घे.
(बाळू जागचा हलत नाही.)

जमीन, सही, हक्क, माहेर यांतला एकही शब्द इथे नाही. तरी भाऊ घाईत आहे आणि शरमलेलाही आहे, हे दिसते. बहिणीला आंब्याची पेटी नको आहे. झाड अजून आपलेही आहे का, हे तिला जाणून घ्यायचे आहे. ‘पाठवतो की’ म्हणताना भावाने नकळत तिला पाहुणी करून टाकले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने शेवटी दिले, म्हणजे तिचा निर्णय त्या मधल्या सात ओळींत झाला.

मात्र यातली अट विसरू नये. उद्या कार्यालयात काय होणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक हवे. त्यासाठी एखादा छोटा प्रसंग पुरतो. दुपारी कार्यालयातला लेखनिक भावाला सांगतो, “बहिणीला घेऊन या, आधार कार्ड, दोन फोटो.” तो प्रसंग गाळला, तर रात्रीचा संवाद खरोखरच आंब्याबद्दलचा ठरेल. माहिती आधी द्यायची आणि भावना झाकायची. बहुतेक खर्ड्यांत नेमके उलटे झालेले असते.

गैरसमज ३ : सबटेक्स्ट म्हणजे गूढ, दुहेरी अर्थाचे बोलणे.

अव्यक्त अर्थ म्हटला की काही लेखक पात्रांना सुभाषितांत बोलायला लावतात. ‘काही झाडांची मुळं उपटता येत नाहीत रे’ असे वाक्य ताईच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. ते खोल वाटते, कारण दुसरा अर्थ आहे हे वाक्यच ओरडून सांगते. पण त्यामुळेच ते उघडे पडते. तिथे सूचना पात्र देत नाही, लेखक देतो. वरवरचे बोलणे जितके साधे आणि त्या क्षणाला साजेसे, तितका खालचा अर्थ जिवंत राहतो.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना चेखॉव्हच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या शेवटच्या अंकात आहे. हे नाटक 1904 साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणले. लोपाखिन वार्याला लग्नाचे विचारणार, अशी घरातल्या सगळ्यांची अपेक्षा आहे. त्यासाठी दोघांना मुद्दाम एकांत दिला जातो. वार्या येते आणि सामानात काहीतरी शोधू लागते. मग कोण कुठे जाणार याची चौकशी होते. थंडी किती आहे, यावर बोलणे होते आणि थर्मामीटर मोडल्याचे निघते. तेवढ्यात बाहेरून हाक येते आणि लोपाखिन जणू तिचीच वाट पाहत असल्यासारखा निघून जातो. वार्या रडत बसते. थर्मामीटर इथे कशाचेही प्रतीक नाही. विचारायचे धैर्य नसलेला पुरुष आणि विचारू न शकणारी बाई यांनी पकडलेला तो हाताशी आलेला विषय आहे.

गैरसमज ४ : कमी शब्द म्हणजे तुटक वाक्ये.

लांबलचक संवाद कंटाळवाणे होतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून लेखक कात्री घेतो आणि प्रत्येक वाक्य तीन शब्दांवर आणतो. मग दोन्ही पात्रे तारेची भाषा बोलू लागतात आणि कोणाचा संवाद कोणता हे नावे झाकल्यावर ओळखता येत नाही. शब्द कमी करायचे ते लांबी पाहून नव्हे, काम पाहून. जे कृतीतून दिसते ते बोलण्यातून काढावे, आणि समोरच्याला आधीच माहीत आहे तेही काढावे. ‘ताई, तू माझी थोरली बहीण आहेस’ असे बाळू कधीच म्हणणार नाही. ‘ताई’ या हाकेतच ते आले.

उलट भरपूर बोलणारे पात्रही लपवत असू शकते. वरच्या प्रसंगात बाळूला बडबड्या करून पाहावे. आधारबद्दल विचारून झाल्यावर तो मोटारचे वायंडिंग, मजुरीचे दर, यंदाचा पाऊस असे बोलतच राहिला आणि ताई फक्त ‘हं’ म्हणत राहिली, तरी प्रसंग उभा राहतो. तिथे शब्द जास्त आहेत, पण मुद्द्याचा एकही नाही. सही हा विषय निघू नये म्हणून तो शांततेला जागाच देत नाही. दोघांपैकी एकाची ओढ बोलण्याकडे आणि दुसऱ्याची गप्प राहण्याकडे असली, की संवादाला आपोआप चढउतार मिळतो.

गैरसमज ५ : कंसात ‘दीर्घ शांतता’ लिहिले की पडद्यावर शांतता उतरते.

गाजलेल्या चित्रपटांतले निःशब्द क्षण लक्षात राहतात, म्हणून शांततेतच काही जादू असते, असे वाटू लागते. वस्तुतः शांततेला स्वतःचा अर्थ नसतो. ती कोणत्या प्रश्नानंतर आली, यावर तिचा अर्थ ठरतो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘आक्रोश’मध्ये (1980) ओम पुरींचा लहान्या भिकू आपल्याच वकिलासमोर तोंड उघडत नाही. वकील जीव तोडून विचारत राहतो. बचावासाठी आलेल्या माणसालाही तो का सांगत नाही, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात प्रत्येक भेटीत मोठा होतो आणि तिथल्या शांततेला वजन येते. विचारणाराच नसता, तर ते केवळ न बोलणे ठरले असते.

कागदावर ‘दीर्घ शांतता’ या सूचनेने नटाला काहीच मिळत नाही. तो रिकाम्या चेहऱ्याने थांबतो किंवा डोळ्यांत पाणी आणतो. त्याऐवजी हाताला काम द्यावे. ‘ताई फडक्याची गाठ सोडते, पुन्हा बांधते’ यात शांततेची लांबीही आली आणि मनातली चलबिचलही. अशा चार ओळींच्या मजकुराला पडद्यावर मिनिटभर लागू शकते, म्हणून एका पानाला एक मिनिट हा हिशेब इथे लावू नये. त्या भरवशावर आणखी संवाद भरले, की प्रसंग हमखास लांबतो.

खर्डा पुरा झाल्यावर एक तपासणी जरूर करावी. प्रत्येक संवादाखाली पेन्सिलीने एक वाक्य लिहावे : या क्षणी या माणसाला समोरच्याकडून काय हवे आहे? ते वाक्य आणि संवाद एकच निघाले, तर तो संवाद पुन्हा लिहावा. काहीच लिहिता आले नाही, तर तो काढून टाकावा.