गीतांजलीने येणाऱ्या मामांना पाठवायचा निरोप

"गाडी लेट आहे." पाहुण्यांना न्यायला निघालेल्या माणसाला या निरोपातून फारसे काही कळत नाही. किती लेट, कुठपासून लेट, आणि पोहोचेपर्यंत ती तेवढीच लेट राहील का, यातले काहीच त्यात नसते. चांगल्या निरोपाला थोडा विचार लागतो. प्रवासात कोणती गोष्ट ऐनवेळी बदलू शकते आणि कोणती बदलत नाही, हे आधी ओळखावे लागते.

समजा, अकोल्याचे मामा-मामी शुक्रवारी, १५ तारखेला कल्याणला भाच्याकडे निघाले आहेत. गाडी १२८६०, हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस. ती अकोल्याला दुपार होण्याआधी येते आणि रात्री आठच्या सुमारास कल्याणला पोहोचते. दोघांचे वय झालेले, बरोबर दोन बॅगा आणि मामीच्या हाताला न सोडवणारी एक पिशवी.

भाचा सकाळी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर गाडी कुठे आहे ते बघतो. ॲप तारीख विचारते, तो १५ निवडतो आणि उत्तर येते, गाडी अजून निघालेलीच नाही. घरात गडबड उडते. खरे तर गाडी केव्हाच महाराष्ट्रात आलेली असते. ॲपला जी तारीख हवी असते ती गाडी हावड्याहून सुटल्याची, मामा-मामी अकोल्याला चढल्याची नव्हे. गीतांजली हावड्याहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात येते. म्हणजे १५ तारखेला अकोल्याला मिळणारी गाडी हावड्याहून १४ तारखेला सुटलेली असते. म्हणून मामांनी तिकिटाचा फोटो पाठवला, तरी भाच्याने गाडी कुठून आणि कधी सुटते हे एकदा पाहून ठेवावे. ॲप वापरता येत नसेल तर १३९ या क्रमांकावर फोन करूनही गाडीची स्थिती कळते.

आता उशिराचे. भुसावळला गाडी चाळीस मिनिटे लेट दिसली म्हणून कल्याणलाही ती चाळीसच मिनिटे लेट येईल, असे नसते. वेळापत्रकात काही टप्प्यांवर जादा वेळ राखून ठेवलेला असतो आणि गाडी तिथे उशीर भरून काढते. उलटही होते. वेळेवर धावणारी गाडी एखाद्या सिग्नलला अडकून पडते. त्यामुळे मिनिटांचा हिशेब दर अर्ध्या तासाने कळवण्यात दोघांचाही जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा एक खुणेचे स्टेशन ठरवून घ्यावे. नाशिककडून कल्याणला येताना ती खूण म्हणजे इगतपुरी. इगतपुरी मुंबईपासून १३७ किलोमीटरवर आहे, कल्याण ५४ वर. म्हणजे मधले अंतर ८३ किलोमीटर, आणि त्यातच कसारा घाट. इगतपुरी सुटल्याचा फोन आला की भाच्याला आवरायला आणि निघायला पुरेसा वेळ मिळतो. हा फोन इगतपुरीलाच करायचा, हेही मामांना सांगून ठेवावे. पुढे घाट आणि बोगदे आहेत, तिथे रेंज येते आणि जाते.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो भेटण्याच्या जागेचा. "प्लॅटफॉर्म पाचवर भेटू" असे आदल्या दिवशी लिहून ठेवणे धोक्याचे, कारण प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलतो. कधी कधी तर प्लॅटफॉर्मचे नावच बदललेले असते. दादरला डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना नवे क्रमांक मिळाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. वर्षानुवर्षे दादरला उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र जुनाच आकडा पक्का बसलेला असतो.

डबा मात्र सहसा बदलत नाही. मामांच्या तिकिटावर एस-४ असेल तर भेटीची जागा एस-४च्या दारासमोर. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. सामान घेऊन म्हाताऱ्या माणसांनी ते अंतर तुडवण्यापेक्षा भाच्यानेच आत जावे. त्यासाठी दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट पुरते. ते दोनच तास चालते, म्हणून गाडी फार लेट असेल तर ते घाईने काढू नये. प्लॅटफॉर्मवरच्या फलकांवर कोणता डबा कुठे येईल ते दिसते, पण डब्यांचा क्रम उलटाही असू शकतो. गाडी शिरताना पहिल्या दोन-तीन डब्यांवरची अक्षरे वाचली की उभे राहायची दिशा कळते.

एवढे ठरले की निरोप असा होतो:

"मामा, गीतांजली, शुक्रवार १५, कल्याण रात्री आठच्या सुमारास. इगतपुरी सुटली की फोन करा. कल्याणला उतरल्यावर एस-४ समोरच थांबा, पूल चढू नका, मी आत येतो. पंधरा मिनिटांत भेट झाली नाही तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसबाहेर बसा. माझा फोन लागला नाही तर घरी सुमनला करा." आणि खाली दोन्ही नंबर.

यातली "पूल चढू नका" ही तीन अक्षरशः सोन्यासारखी पदे आहेत. पाहुणे गर्दीबरोबर पुलावर गेले की पूर्वेला उतरले की पश्चिमेला, हे शोधण्यात तास जातो.

दुसरा नंबर घरी थांबणाऱ्या माणसाचाच हवा. भाचा गाडी चालवत असेल किंवा गर्दीत त्याला रिंग ऐकू येत नसेल, तेव्हा दोन्ही बाजूंचे फोन घेऊन निरोप जुळवणारे कुणीतरी लागते. हे दोन्ही नंबर मामांच्या खिशात कागदावरही लिहिलेले असावेत. दिवसभराच्या प्रवासात त्यांच्या फोनची बॅटरी संपली, तर शेजारच्या प्रवाशाच्या फोनवरून लावायला नंबर पाठ कुणाला असतो?

मामांकडे साधा बटणांचा फोन असेल तर व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन कामाचे नाही, एसएमएसच करावा लागतो. मराठीतल्या एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरे मावतात, त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. लांब मजकुराचे तुकडे होतात. म्हणून "डबा एस-४. उतरून तिथेच थांबा. मी येतो." एवढाच मजकूर एका एसएमएसमध्ये आणि नंबर दुसऱ्यात पाठवावा.

बसचे गणित थोडे वेगळे. बसला डब्याची खूण नसते, म्हणून बसचा नंबर आणि थांब्याचे नेमके नाव लागते. पुण्यात "शिवाजीनगरला उतरा" एवढे पुरत नाही. मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले, आणि ही दोन्ही नावे अजून एकाच वेळी तोंडात असतात. कोल्हापूरहून येणाऱ्या खासगी बसबाबत आधी विचारावे, ती स्वारगेटला आत जाणार की बायपासने नवले पूल, चांदणी चौक करत वाकडकडे. इथे इगतपुरीचे काम खेड-शिवापूरचा टोलनाका करतो. तो ओलांडला की पाहुण्यांनी फोन करायचा. बायपासवर उतरणाऱ्यांच्या निरोपात एक वाक्य तर अजिबात सुटू नये: "बस सोडेल त्याच बाजूला उभे राहा, रस्ता ओलांडू नका, मी गाडी वळवून तिकडे आणतो."