तीस हजार, एक लाख आणि सात तारीख

पुण्याजवळच्या एका मध्यम कारखान्याचं उदाहरण घेऊ. शेड रंगवणं, पत्रे बदलणं, छोटं वेल्डिंग अशी कामं तिथे एक ठेकेदार करतो. धंदा त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये जीएसटी सोडून त्याची बिलं झाली अशी: एप्रिलमध्ये २८,०००, जूनमध्ये २७,०००, ऑगस्टमध्ये २९,००० आणि १० ऑक्टोबरला २६,००० रुपये. पहिल्या तीन बिलांतून एक पैसाही टीडीएस कापला गेला नाही. चौथ्या बिलातून मात्र एकदम १,१०० रुपये गेले. ठेकेदाराचा फोन आला: "साहेब, एक टक्का म्हणजे दोनशे साठ. अकराशे कुठून आणले?"

हिशेब कारखान्याचाच बरोबर होता. ठेक्याच्या कामावर मार्च २०२६पर्यंत आयकर कायद्याच्या कलम १९४सीखाली कर कापत असत. काम करणारा व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर दोन टक्के. त्याला दोन मर्यादा आहेत. एकच बिल तीस हजारांच्या वर गेलं तर त्या बिलावर कापायचं. आणि प्रत्येक बिल लहान असलं, तरी वर्षभराची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कापायचं, तेही वरच्या रकमेवर नव्हे, तर आधी सुटलेल्या बिलांसकट सगळ्या रकमेवर. ऑगस्टअखेर बेरीज ८४,००० होती. ऑक्टोबरच्या बिलाने ती १,१०,००० झाली. त्याचा एक टक्का १,१००. बिलावर १८ टक्के जीएसटीचे ४,६८० रुपये वेगळे दाखवले होते, म्हणून कर त्यांच्यावर नाही, मूळ २६,००० वरच मोजला. ३०,६८० मधून १,१०० वजा होऊन ठेकेदाराच्या हाती २९,५८० आले.

ही बेरीज बिल नोंदवणाऱ्या कारकुनाच्या लक्षात राहणं कठीण, कारण त्याच्यापुढे एकच कागद असतो. म्हणून खरेदी, गोदाम आणि हिशेब एकत्र चालवणाऱ्या ईआरपी प्रणालीवर हे काम सोपवतात. पण प्रणाली हिशेब करते तो व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पार्टीच्या मूळ नोंदीत, जे भरलं आहे त्यावरून. त्यात पॅन, व्यक्ती की कंपनी, कोणत्या प्रकारचं काम आणि त्याचा टीडीएस कोड असतो. त्या कोडमागे दर आणि दोन्ही मर्यादा असतात, आणि 'वर्षाची बेरीज ठेव' ही सूचनाही द्यावी लागते. ती राहिली तर प्रणाली प्रत्येक बिल सुटं पाहते आणि २६,००० ला तीस हजारांच्या आतलं म्हणून सोडून देते. चूक लेखापरीक्षणात निघते. तोवर पैसे ठेकेदाराला देऊन झालेले असतात, कर कारखान्याने खिशातून भरायचा, आणि न कापल्याबद्दल दरमहा एक टक्का व्याज वेगळं.

याहून छुपी चूक दोन कोडची. त्याच ठेकेदाराचं एक काम पुण्याच्या प्लांटने दिलं, दुसरं नाशिकच्या, आणि दोन्हीकडे त्याची वेगळी नोंद उघडली. मग ६०,००० इकडे, ५०,००० तिकडे. एक लाख कुठेच ओलांडला जात नाही. कर कापणारी कंपनी मात्र एकच आहे आणि ठेकेदाराचा पॅनही एकच. म्हणून बेरीज व्हेंडर कोडवर नाही, पॅनवर व्हायला हवी. नवी पार्टी उघडताना तोच पॅन आधीच असेल तर प्रणालीने अडवलं पाहिजे.

पॅनच नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर दर थेट वीस टक्के होतो. आपल्या ठेकेदाराच्या बाबतीत ते २२,००० रुपये झाले असते, म्हणजे ऑक्टोबरचं जवळजवळ सगळं बिल. त्यामुळे पॅन नुसता लिहून घेऊन भागत नाही, तो चालू आहे की नाही हेही तपासावं लागतं.

दर उलट्या दिशेनेही बदलतो. ज्याचं प्रत्यक्ष करदायित्व कमी आहे, तो आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणू शकतो, मार्च २०२६पर्यंत ते कलम १९७खाली मिळत असे. त्यावर दर, रकमेची मर्यादा आणि मुदत असते, आणि ते ठरावीक कापणाऱ्यासाठीच चालतं. समजा, ०.२५ टक्के दर आणि पाच लाखांची मर्यादा आहे. प्रणालीत नुसता दर भरला आणि मर्यादा भरायची राहिली, तर सहाव्या लाखावरही पाव टक्काच कापला जातो आणि कमी कापणीची नोटीस येते. प्रमाणपत्र मागच्या तारखेपासून लागू होत नाही. आधीची बिलं जुन्याच दराने जातात.

आता कापलेल्या ११०० रुपयांचं पुढे काय होतं ते पाहू. टीडीएस बिल नोंदवताना किंवा पैसे देताना, यांतलं जे आधी घडेल तेव्हा कापतात. आगाऊ रक्कम दिली असेल तर तेव्हाच, आणि मग अंतिम बिलातून आगाऊवरचा कर वजा करावा लागतो. नाहीतर तोच कर दोनदा कापला जातो. आपलं बिल १० ऑक्टोबरला नोंदवलं, म्हणून कर ७ नोव्हेंबरपर्यंत चलनाने भरायचा, मग पैसे डिसेंबरमध्ये का देईनात. मार्चच्या कापणीला मात्र ३० एप्रिलपर्यंत मुदत आहे.

एक दिवसाच्या उशिराची किंमत पाहा. ८ नोव्हेंबरला भरणा झाला तर व्याज एका दिवसाचं लागत नाही. दर महिना दीड टक्का, कापल्याच्या तारखेपासून, आणि महिन्याचा भागही पूर्ण महिना धरतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून तीन टक्के. ११०० वर ते ३३ रुपये आहेत. पण महिन्याची कापणी दहा लाख असेल तर ३०,०००. बिल १२ नोव्हेंबरला मिळालं आणि कोणी ते ऑक्टोबरच्या तारखेला नोंदवलं, तर नोंद होताक्षणीच भरणा उशिराचा ठरतो. म्हणून बंद झालेला महिना प्रणालीत कुलूपबंद ठेवतात.

भरणा झाल्यावर चलनाचा क्रमांक, तारीख आणि बँकेचा बीएसआर कोड प्रत्येक कापणीशी जोडावा लागतो. त्यावरून तिमाही विवरण, म्हणजे २०२५-२६ साठी फॉर्म २६क्यू, बनतो. ऑक्टोबर-डिसेंबरसाठी त्याची मुदत ३१ जानेवारी, उशीर झाला तर रोज दोनशे रुपये शुल्क. त्यानंतर १५ फेब्रुवारीपर्यंत ठेकेदाराला फॉर्म १६ए द्यायचा. पॅनचं एक अक्षर चुकलं तर पैसे सरकारकडे पोचूनही त्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसत नाहीत, आणि रिटर्न भरताना ११०० रुपयांचं श्रेय मिळत नाही. अशा वेळी कंपनीने दुरुस्ती विवरण भरावं लागतं. ठेकेदाराला स्वतः ते करता येत नाही.

१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यावर टीडीएसच्या बहुतेक तरतुदी कलम ३९३खाली एकत्र आल्या. म्हणून मार्च २०२६पर्यंतच्या नोंदींना जुने कोड आणि पुढच्यांना नवे, असे दोन संच प्रणालीत ठेवावे लागतात. जुनाच कोड बदलून टाकला तर मागची विवरणं पुन्हा काढता येत नाहीत.

तिमाहीअखेर दोन गोष्टी पाहिल्या की बहुतेक चुका पकडता येतात. ठेक्याच्या खर्चाची पॅननुसार बेरीज काढून एक लाखाच्या वर असूनही शून्य टीडीएस असलेली नावं शोधायची. आणि 'टीडीएस देय' खात्यातली शिल्लक चलन भरल्यावर शून्य होते का ते बघायचं. शून्य नसेल, तर कापलेला कर अजून कारखान्यातच आहे.