पहिला कर्मचारी निवडताना

बेंगळूरुच्या कोरमंगला भागातील एका सदनिकेत २००७ साली सचिन बन्सल व बिनी बन्सल यांनी संगणकावरून मागणी घेऊन पुस्तके घरपोच पाठविण्याचा व्यवसाय सुरू केला. ‘फ्लिपकार्ट’ म्हणून पुढे नावारूपास आलेल्या या उद्योगाचे पहिले कर्मचारी अंबूर अय्यप्पा हे कुरिअर कंपनीत काम केलेले, अभियांत्रिकीची पदवी नसलेले गृहस्थ. केवळ शिक्षणाचा रकाना पाहून निवड झाली असती, तर त्यांचे नाव मागेच पडले असते. पार्सले वेळेत रवाना करणे हेच तर त्या व्यवसायाचे निम्मे काम होते!

लहान उद्योजकाची चूक नेमकी येथे होते. तो अर्ज आधी वाचतो आणि काम मागाहून ठरवितो. मग सुबक छपाई व मोठी पदवी मनावर ठसते. त्याऐवजी नवा माणूस दिवसभर काय करणार हे प्रथम कागदावर उतरवावे आणि त्यातील तीन अनिवार्य गोष्टींवरच प्रत्येक अर्ज तपासावा. ‘मालरवानगीची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. ‘रोज ६० पार्सले, परत आलेल्यांची स्वतंत्र नोंद’ यावरून कळते. शेवटच्या दोघातिघांना अर्धा दिवस प्रत्यक्ष काम द्यावे, अर्थात मोबदला देऊन. कामाचा उरक त्यात दिसतो. रोकड हाताळण्यातील सचोटी मात्र दिसत नाही. त्यासाठी उमेदवाराच्या संमतीने पूर्वीच्या वरिष्ठांना दूरध्वनी करावा व विचारावे, “यांना पुन्हा कामावर घ्याल काय?” उत्तर देताना ते किती घुटमळतात, याकडेही लक्ष असावे.