सांगली बँकेची पावती आणि निवृत्त क्लार्क

सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयकडे गेली होती. २०१९ मध्ये देना आणि विजया या दोन्ही बँका बँक ऑफ बडोदात सामावल्या. या बँकांच्या ठेव पावत्या आजही जुन्या ट्रंकेत, पोथ्यांच्या गाठोड्यात सापडतात. ‘बँकच राहिली नाही, आता कसले पैसे!’ असं म्हणून घरचे त्या परत ठेवून देतात. खरी गोष्ट मात्र थक्क करणारी आहे. ठेवीदार गेला, शाखेची पाटी उतरली, बँकेचं नावही पुसलं गेलं, तरी ठेव जिवंत असते आणि तिच्यावर व्याज चढत असतं.

हे कसं घडतं ते पाहू. मुदत संपल्यावर किंवा शेवटच्या व्यवहारानंतर दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करते. ही व्यवस्था २०१४ पासून आहे. पैसे तिकडे गेले तरी हक्क जात नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस कधीही मागणी करू शकतात, त्याला मुदत नाही. मागणी मूळ बँकेकडे करायची, आणि ती विलीन झाली असेल तर जिच्यात गेली तिच्याकडे. ती बँक आधी वारसांना पैसे देते आणि मग निधीकडून परत घेते.

पेन्शन सुरू आहे, हाताशी वेळ आहे आणि तीस-पस्तीस वर्षं कागद वाचण्यात गेली आहेत, अशा बँक क्लार्कसाठी मला यापेक्षा योग्य व्यवसाय दिसत नाही: विसरलेल्या ठेवी वारसांना मिळवून देणं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाला आजोबांची सांगली बँकेची ठेव पावती सापडली. मुदत २००३ साली संपलेली. आजोबा २००९ मध्ये गेले, नॉमिनी कोणी नाही. क्लार्क आधी पावती उलटून पाहतो. मूळ पावती घरात असणं हीच चांगली खूण आहे, कारण पैसे देताना बँक ती जमा करून घेते. मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही असेल, तर ठेव मोडायची तयारी झाली होती, म्हणजे पैसे मिळाले की नाही ते आधी तपासायला हवं. नूतनीकरणाची नोंद असेल, तर पुढची पावती शोधायची. ठेवीवर कर्ज घेतल्याचा शेरा असेल, तर हाती किती येणार याचा हिशेबच बदलतो. ज्याने आयुष्यभर अशा पावत्या हाताळल्या, त्याला हे मिनिटभरात कळतं. कुटुंबाला ते सुचतही नाही.

मग शोध. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केलं. udgam.rbi.org.in वर मोबाईल क्रमांकाने नोंदणी करून ठेवीदाराचं नाव टाकायचं, सोबत पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांसारखी एखादी खूण द्यायची. हे सगळं मोफत आहे. पण बँकेत नाव कसं नोंदलं आहे याने फरक पडतो. रेशनकार्डावर विठ्ठल रामचंद्र, शाळेच्या दाखल्यावर विठोबा, बँकेत व्ही. आर. असा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. इंग्रजी स्पेलिंग बदलून, आडनाव आधी घालून पाहावं लागतं. तरीही सापडलं नाही तर ठेव नाही असा अर्थ होत नाही. पोर्टलवर मोठ्या बँका आहेत, पण गावोगावच्या कितीतरी नागरी सहकारी बँका नाहीत. तिथे शाखेत अर्ज देऊनच चौकशी करावी लागते. पतसंस्था तर बँकच नव्हे, म्हणून तिथल्या ठेवींना ही निधीची सोय लागू नाही.

आता रक्कम. जून २०१४ अखेर निधीत गेली तेव्हा मूळ ठेव आणि व्याज मिळून ती ६० हजार होती असं धरू. निधीतलं व्याज सरळव्याज असतं. जून २०१८ पर्यंत ४ टक्के, मग १० मे २०२१ पर्यंत साडेतीन, त्यानंतर ३ टक्के. मे २०२६ पर्यंतचा हिशेब केला तर पहिल्या टप्प्याचे १६ टक्के, दुसऱ्याचे सुमारे १० आणि तिसऱ्याचे १५, असे एकूण ४१ टक्के होतात. म्हणजे व्याज साधारण २४,६०० आणि एकूण जवळपास ८४,६०० रुपये. महागाईपुढे ही वाढ तोकडी आहे हे कुटुंबाला आधीच सांगावं.

खरी कसोटी पुढे आहे, वारसांच्या यादीत. आजोबा हिंदू असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर पहिल्या वर्गाचे प्रमुख वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. विवाहित मुलींची नावं गाळून यादी आणणारे भाऊ नेहमी भेटतात. जुन्या रेशनकार्डावरची नावं आणि यादी शेजारी ठेवली की ते उघड होतं. पण अनुभवी माणसंही चुकतात ती आईच्या बाबतीत. २००९ मध्ये आजोबांची आई, म्हणजे पणजी, हयात असेल तर तिलाही वाटा मिळाला. ती नंतर गेली असेल, तर तिचा वाटा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे आजोबांच्या भावा-बहिणींचाही संबंध येतो. ८४ हजारांच्या ठेवीसाठी चुलतघराची नाहरकत लागते ती यामुळे! म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: ते गेले तेव्हा त्यांची आई होती का?

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी हे काम सोपं केलं आहे. नॉमिनी नसला, पण वारसांत वाद नसला आणि रक्कम १५ लाखांपर्यंत असली (सहकारी बँकेत ५ लाख), तर दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र, इतर वारसांची नाहरकत आणि वारसांबाबतचा दाखला किंवा घोषणापत्र एवढ्यावर बँकेने दावा निकाली काढायचा आहे, तोही सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. रक्कम त्याहून मोठी असली किंवा घरात वाद असला, तर काम न्यायालयात आणि वकिलाकडे जाऊ शकतं. तिथे क्लार्कने थांबावं.

व्यवसायाचं स्वरूप साधं आहे. घरातलं टेबल पुरतं. अशा छोट्या आस्थापनेला महाराष्ट्रात दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीही लागत नाही. मोबदला टक्केवारीत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. टक्केवारी आली की सल्ला देणाऱ्याचा जीव रकमेत अडकतो आणि गाळलेल्या बहिणीकडे त्याचं दुर्लक्ष होऊ शकतं. कागद तपासणीची एक फी, दावा तयार करण्याची दुसरी, दोन्ही आधी लिहून दिलेल्या. मूळ कागद पाहून लगेच परत द्यावेत, कोऱ्या अर्जावर सही आणि ओटीपी कधी मागू नये, पैसे थेट वारसांच्याच खात्यात जावेत. जुन्या शाखेतल्या मित्रांकडून विसरलेल्या खात्यांची यादी मिळवणं तर ग्राहकांच्या गुप्ततेचा सरळ भंग आहे.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. वडिलांचं नाव त्यांच्या सगळ्या स्पेलिंगांनी उद्गमवर टाकून बघा.