थंड पाण्याची समान वाटणी

मोठ्या इमारतीच्या वातानुकूलनात चिलरमधले थंड पाणी पंपाने प्रत्येक मजल्याच्या कॉइलपर्यंत जाते. पाणी कमी अडथळ्याची वाट धरते, त्यामुळे पंपाजवळच्या शाखा गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतात आणि टोकाच्या खोल्या तापलेल्या राहतात. अशा वेळी मोठा पंप बसवण्याचा मोह होतो. तो महागडा आणि बहुधा चुकीचा उपाय असतो.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक शाखेवरचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह. त्याच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांना मापक जोडला की दाबातला फरक कळतो. व्हॉल्व्हचा गुणांक 10 आणि फरक 0.09 बार असेल, तर 0.09 चे वर्गमूळ 0.3, म्हणून प्रवाह तासाला 3 घनमीटर. आराखड्यात 2 असतील, तर ही शाखा 150 टक्के पाणी घेते आहे.

मोजणीआधी गाळण्या साफ करून हवा काढावी आणि कॉइलचे नियंत्रक व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत. तुंबलेली गाळणी सगळे आकडे फसवे करते. सर्वांत कमी टक्केवारीची शाखा, समजा 70 टक्क्यांची, उघडीच ठेवतात. बाकीच्या एकेक करून तिच्या टक्केवारीला आणतात. एक दाबली की दुसऱ्यांचा प्रवाह वाढतो, म्हणून संदर्भशाखा पुन्हा पुन्हा मोजावी लागते. सगळ्यांची टक्केवारी जुळली की मुख्य व्हॉल्व्ह किंवा पंपाचा वेग बदलून सर्व शाखा एकदमच 100 टक्क्यांवर येतात.

मात्र ही जुळणी पूर्ण भारापुरतीच असते. काही कॉइल बंद झाल्या की उरलेल्यांवर दाब वाढतो. तिथे दाब स्वतः सांभाळणारे व्हॉल्व्ह लागतात.