केबलचं दुसरं टोक

एलएलडीपी, म्हणजे लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल, ही नेटवर्कमधल्या उपकरणांनी शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगण्याची पद्धत. आयट्रिपलई या संस्थेने २००५ साली तिचं प्रमाण ठरवलं. स्विच, सर्व्हर किंवा आयपी फोन आपल्या प्रत्येक पोर्टमधून साधारण दर ३० सेकंदांनी एक छोटासा संदेश सोडतो. त्यात उपकरणाची ओळख, संदेश ज्यातून निघाला तो पोर्ट आणि ही माहिती किती वेळ ग्राह्य धरायची, हे तिन्ही असतंच. बहुतेक वेळा उपकरणाचं नावही असतं. संदेशाला पोच मिळत नाही, ती अपेक्षितही नसते.

खरी गोम पत्त्यात आहे. हे संदेश एका राखीव पत्त्यावर जातात आणि नियम पाळणारा स्विच ते पुढे पाठवत नाही. म्हणूनच पोर्टवर आलेला संदेश केबलच्या थेट दुसऱ्या टोकाचा, असं म्हणता येतं.

समजा, एका सर्व्हरची केबल बदलायची आहे. केबलवरच्या चिठ्ठीवर ‘sw-2, पोर्ट १७’ असं लिहिलंय. सर्व्हरवर लिनक्स असेल आणि lldpd चालू असेल, तर हात लावण्याआधी एवढं विचारावं:

```
$ lldpcli show neighbors ports eth0
  SysName:  sw-2
  PortID:   ifname Gi1/0/18
  TTL:      120
```

(उत्तरातल्या कामाच्या ओळी तेवढ्या इथे घेतल्या आहेत.) स्विच बरोबर आहे, पोर्ट मात्र १८. कधीतरी कुणीतरी केबल हलवली आणि चिठ्ठी तशीच राहिली. चिठ्ठीवर विसंबून १७ उपसला असता, तर भलतंच यंत्र बंद पडलं असतं. स्विचवर show lldp neighbors दिलं की १८ समोर हाच सर्व्हर दिसायला हवा. पोर्टचं वर्णन माणसाने टाइप केलेलं असतं, तेही चिठ्ठीइतकंच शिळं असू शकतं. पोर्टची ओळख मात्र यंत्र स्वतः सांगतं.

सगळ्या स्विचवरून अशा जोड्या गोळा केल्या की केबलिंगचा नकाशा तयार होतो. प्रत्येक जोडणी त्यात दोनदा यायला हवी. एकाच बाजूने आली, तर बहुधा एका टोकाला संदेश पाठवणं किंवा ऐकणं बंद असतं.

मधलं पॅच पॅनेल नकाशात कधीच येत नाही, कारण ते बोलत नाही. केबल कोणत्या खोलीतून फिरून गेली, हे चालतच बघावं लागतं. स्वस्तातले, सेटिंग नसलेले स्विच राखीव पत्ता न जुमानता संदेश पुढे ढकलतात. मग एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी दिसू लागतात, आणि ते दिसले की मधे असला डबा आहे का, ते शोधावं. काही नेटवर्क कार्डं तर हे संदेश स्वतःच गिळतात. त्यामुळे सर्व्हरला शेजारी दिसत नाही, केबल मात्र ठणठणीत असते.

शिवाय या संदेशांची सत्यता कुणी तपासत नाही. खोटं नाव सांगणं सोपं आहे, आणि खरं नाव सांगितलं तरी स्विचचं मॉडेल व सॉफ्टवेअरची आवृत्ती परक्याच्या हाती पडू शकते. म्हणून बाहेरच्यांना वापरायला दिलेल्या पोर्टवर एलएलडीपी बंद ठेवतात.